मदत हवी आहे: डेव्हलपर ऑप्शन्स बंद केले तरी बँकेचं अ‍ॅप म्हणतं 'फोन रूटेड आहे'

सुगरण_परळ
नमस्कार मंडळी. परळला माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. जुन्या फोनची बॅटरी टिकेना, म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून सेकंडहँड अँड्रॉइड फोन घेतला. बाकी सगळं झकास चालतं, फक्त बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. आधी 'डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत, बंद करा' असं यायचं. भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून दिलं. आता अ‍ॅप जरा पुढे सरकतं, 'हा फोन रूटेड आहे' असं दाखवतं आणि आपोआप मिटतं. मी फोनमध्ये काही केलेलं नाही. डब्यांचे पैसे आले का ते बघायचं असतं, भाजीवाल्याला द्यायचे असतात, सगळं अडलंय. हे एकच दुखणं आहे की दोन वेगळी? भाचा म्हणतो रीसेट मारू. त्याने जाईल का?

वडाळा_लोकल
ताई, बिनधास्त फॅक्टरी रीसेट मारा. माझ्या भावाच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप असंच अडलं होतं, रीसेट केल्यावर लगेच चालू झालं. फोटो आधी काढून ठेवा म्हणजे झालं.

स्लो_ट्रेनवाला
मलाही हाच त्रास! माझं अ‍ॅप म्हणतं 'नोंदणीकृत सिम सापडलं नाही'. दोन सिम आहेत, दोन्ही चालू. बँकेत गेलो तर तिथलेही हात वर करतात.

माहीमकर
स्लो_ट्रेनवाला, तुमचं दुखणं वेगळं आहे. खात्याला जोडलेल्या नंबरवरून एसएमएस जातो का, ते अ‍ॅप बघतं. नोंदणी करताना तेच सिम निवडा, त्यात एसएमएसपुरता बॅलन्स ठेवा आणि दुसरं सिम थोडा वेळ बंद करा.

सुगरणताई, तुमची दुखणी दोन आहेत. पहिलं गेलं, दुसरं राहिलंय.

डेव्हलपर ऑप्शन्स हा सेटिंगमधला लपवलेला भाग असतो. 'अबाऊट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की तो उघडतो. तो चालू आहे का, हे कुठलंही अ‍ॅप सिस्टीमला विचारू शकतं. नुसत्या त्या स्विचने काही बिघडत नाही. बँकेला धास्ती असते त्याखालच्या यूएसबी डीबगिंगची. ते चालू असेल आणि फोनवर एकदा 'अलाऊ' दाबलेलं असेल, तर केबलने जोडलेला कॉम्प्युटर तुमच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकू शकतो, स्क्रीनचे फोटो काढू शकतो, तुमच्या वतीने स्क्रीनवर टॅपसुद्धा करू शकतो. काही बँका फक्त डीबगिंग बघतात, काही अख्खा स्विच बंद करायला लावतात, काही यात पडतच नाहीत. म्हणून एकाच फोनवर एक बँक चालते आणि दुसरी चालत नाही.

रूटचं प्रकरण जास्त खोल आहे. रूट म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा. अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या माहितीत हात घालता येत नाही. ज्या अ‍ॅपला रूट मिळालं, त्याला ही मनाई उरत नाही. शिवाय असा फोन बँकेच्या अ‍ॅपला 'मी ठीक आहे' असं खोटंही सांगू शकतो. म्हणून बऱ्याच बँका फोनच्या शब्दावर थांबत नाहीत, गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेमार्फत खात्री करतात. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा भाग, लॉक आहे का, सिस्टीम कंपनीचीच आहे का, याची ग्वाही त्यात फोनची चिप देऊ शकते. गॅसच्या सिलिंडरचं सील तुटलेलं असेल तर आत गॅस पूर्ण असूनही आपण तो घेत नाही, तसं हे आहे. तुमच्या फोनवर आत्ता रूट नसेलही, पण बूटलोडर अनलॉक असला तरी पुष्कळ अ‍ॅप्स 'रूटेड' असंच म्हणतात.

आणि म्हणूनच रीसेटने हे जाणार नाही. रीसेटमध्ये तुमचे फोटो, अ‍ॅप्स, सेटिंग पुसली जातात. बदललेली सिस्टीम आणि उघडलेलं लॉक जिथल्या तिथे राहतं. वडाळा_लोकल, तुमच्या भावाच्या फोनवर बहुतेक डेव्हलपर ऑप्शन्सच चालू असतील, ते रीसेटने बंद झाले.

आता बघायचं असं. फोन पूर्ण बंद करून चालू करा आणि कंपनीचा लोगो येण्याच्या सुमारास स्क्रीनवरून नजर हलवू नका. बूटलोडर उघडा असेल तर बहुतेक फोनवर तिथे इशारा येतो, काहींवर नुसतं उघड्या कुलपाचं चित्र दिसतं. भाच्याकडे कॉम्प्युटर असेल तर डीबगिंग तेवढ्यापुरतं चालू करून हे चालवायला सांगा:

```
adb shell getprop ro.boot.verifiedbootstate
```

`green` आलं तर लॉक आणि सिस्टीम दोन्ही मूळची. `orange` म्हणजे बूटलोडर उघडा.

जुनं_ते_टिकाऊ
माहीमकर, माहिती बरोबर, पण हा न्याय मला पटत नाही. कंपनीने माझ्या फोनला अपडेट देणं कधीच थांबवलं. मी त्यावर लिनेजओएस ही कंपनीबाहेरची अँड्रॉइड सिस्टीम टाकली, सिक्युरिटी पॅच ताजा आहे, रूट नाही. तरी बँक मला हाकलते. शेजाऱ्याचा तसाच फोन मूळ सिस्टीमवर आहे, वर्षानुवर्षं पॅच नाही, आणि तो आरामात आत जातो. मग नेमकं सुरक्षित कोण? ताई, रूट लपवणारे मॉड्यूल मिळतात, ते टाकून बघा.

माहीमकर
तुमचा मुद्दा खरा आहे. ही तपासणी सिस्टीम मूळची आहे का एवढंच प्रामुख्याने बघते, ती किती जुनी आहे याला फार महत्त्व देत नाही. पण बँकेच्या बाजूनेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2021च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत, फोन किमान अटींत बसतो का हे बघूनच अ‍ॅप चालू द्यावं, अशी अपेक्षा आहे. तुमची सिस्टीम चांगली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, बँकेला ते कळणार कसं?

लपवण्याचा सल्ला मात्र ताईंना नको. ते मॉड्यूल चालवायला आधी रूट करावं लागतं, म्हणजे नसलेलं दुखणं ओढवून घ्यायचं. आज चाललं तरी पुढच्या अपडेटला ऐन पैसे देताना बंद पडेल. आणि ते मॉड्यूल कोणी बनवलंय हे न बघता त्याच फोनवर बँकेचा पिन टाकायचा, हे मला भीतीदायक वाटतं.

सुगरण_परळ
सगळ्यांचे आभार. फोन बंद करून चालू केला. लोगोच्या आधी काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांत इंग्रजी इशारा येतो. दुकानदार फोन देताना म्हणाला होता, 'ते येतंच, पाच सेकंदात जातं.' भाच्याने कमांड चालवली, `orange` आलं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' फिकट दिसतं, दाबता येत नाही, खाली `Bootloader is already unlocked` लिहिलंय. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, 'आणा, लॉक मारून देतो.' देऊ का?

माहीमकर
नुसतं लॉक मारायला देऊ नका. आधी नेमक्या त्याच मॉडेलची कंपनीची मूळ सिस्टीम टाकायची, फोन नीट चालू होतो हे बघायचं, लॉक त्यानंतर. बदललेल्या सिस्टीमवर लॉक मारलं तर फोन चालूच न होण्याचा धोका असतो. लॉक करताना सगळा डेटाही पुसला जातो, म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर आधी उतरवून घ्या.

परत घेताना त्याच्या काउंटरवरच सिम घालून बँकेचं अ‍ॅप उघडून बघा. भाचा सोबत असेल तर तीच कमांड तिथेच चालवा. `yellow` आलं तर लॉक आहे, पण सिस्टीम कंपनीची नाही, तसा फोन घेऊ नका. माझं मत विचाराल तर पैसे परत मागा.

सुगरण_परळ
पैसे परत द्यायला तो का कू करतोय, शनिवारी भाच्याला घेऊन जाते. तोवर सिम जुन्या फोनमध्ये घालू का? तिथे यूपीआय आपोआप चालू होईल?

स्लो_ट्रेनवाला
आपोआप नाही होणार ताई, पुन्हा नोंदणी करायला लावतं, एसएमएस त्याच सिमवरून जायला हवा. माझं आत्ताच झालं, दुसरं सिम बंद केल्यावर पहिल्या फटक्यात. अगदीच अडलं तर त्याच नंबरवरून *99# लावा, इंटरनेट आणि अ‍ॅप दोन्ही लागत नाही, एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात.