इमामत म्हणजे घराणेशाही?

सडेतोड (मूळ पोस्ट): शिया लोकांची इमामत म्हणजे सरळ घराणेशाही. बाप गेला की पोरगा गादीवर, वर तो कधी चुकत नाही म्हणे! लोकांना निवडू द्यायचं नसलं की असले सिद्धांत सुचतात.

डोंगरीवाला: हे वाचून गप्प बसवत नाही. घराणेशाहीच असती तर दुसरे इमाम हसन यांच्यानंतर त्यांचा मुलगा आला असता, आला भाऊ, हुसैन. 765 मध्ये सहावे इमाम जाफर सादिक गेले तेव्हा हयात मुलांत थोरला होता अब्दुल्ला, बरेच जण त्याच्या मागे गेलेही, तरी बारा इमामवाले मानतात मूसा काझिमना. वय बघत नाहीत, नस्स बघतात, म्हणजे अल्लाहच्या हुकुमाने आधीच्या इमामाने नाव घेऊन केलेली नेमणूक.

आता नस्सच का, तर उलमा ते कुराणातून काढतात, सूरा बकराची 124 वी आयत. अल्लाह इब्राहिमना म्हणतो, तुला लोकांचा इमाम करतो. ते विचारतात, माझ्या वंशातले? उत्तर येतं, माझा करार जालिमांपर्यंत पोचत नाही. शिया विद्वान तबातबाईंनी अल-मीझान या कुराणावरच्या भाष्यात यावरचा एक युक्तिवाद दिलाय. वंशात माणसं चारच तऱ्हेची असणार: जन्मभर जालिम, कधीच जालिम नसलेला, आधी नीट मग बिघडलेला, आणि आधी बिघडलेला मग सुधारलेला. जन्मभर जालिम आणि शेवटी बिघडलेला, या दोघांसाठी इब्राहिमसारखा नबी इमामत मागेल? नाही. म्हणजे विचारणा होती उरलेल्या दोघांसाठी, आणि त्यातही अल्लाह जालिम नको म्हणाला म्हणजे सुधारलेलाही कटला. राहिला तो एकच, कधीच न घसरलेला. ही इस्मत. आणि माणूस आतून असा आहे का हे हात वर करून ठरत नाही, ते अल्लाहलाच माहीत, म्हणून नावही त्याच्याकडूनच यायला पाहिजे. पटवून घेऊ नका, पण 'निवडू द्यायचं नव्हतं म्हणून सुचलं' हे काय वाचून ठोकलंत?

भिवंडीकर: भाई, हा हिशोब कुणाला बाद करायला मांडलाय तेही सांगा की. शिर्क म्हणजे जुल्म, म्हणून इस्लामच्या आधी ज्यांनी बुतं पुजली ते बाद, म्हणजे पहिले दोन खलीफा अबू बक्र आणि उमर बाद, दुसरं काय! तौबा केलेला माणूस जालिम राहत नाही, आम्हा सुन्नींकडे शेंबड्या पोराला कळतं हे. आणि आमचे भाष्यकार राझींनी इथे इमाम म्हणजे नबीच घेतलाय.

डोंगरीवाला: इब्राहिम तेव्हा आधीच नबी होते, मुलं म्हातारपणी झाली, आणि वंशाचा प्रश्न त्यानंतरच येणार ना? नबीला पुन्हा नबी कशाला करतील? तौबेचा मुद्दा जोरदार आहे, नाही म्हणत नाही. पण शिया म्हणतात की आयतीत आत्ताचा जालिम आणि तेव्हाचा जालिम असा फरकच केलेला नाही.

नाना_मिरज: इस्मतबद्दल शियांमध्ये कधी दुमत नव्हतं एवढं मात्र खरं.

डोंगरीवाला: पापाबद्दल नव्हतं म्हणा हवं तर. विसरण्याबद्दल चांगलंच वाजलं होतं. शिया विद्वान शेख सदूक म्हणायचे, नबींकडून नमाजात विसर पडू शकतो, अल्लाहच घडवतो, आणि हे नाकारणं म्हणजे अतिरेक. त्यांचेच शागीर्द शेख मुफीद, त्यांनी हे खोडून काढलं. पुढे मुफीदांचंच चाललं.

गिरगावचा_वकील: नस्स म्हटलं की मला दाऊदी बोहऱ्यांची, त्यांच्या धर्मप्रमुखपदाच्या वारशाची केस आठवते. दावा 2014 चा, निकाल 2024 ला. खाजगीत, साक्षीदाराशिवाय नस्स झाली म्हणे, मुंबई हायकोर्टाने दावा फेटाळला. माझ्या आजोबांनी दुकान वडिलांना तोंडी दिलं, साक्षीला कोणी नाही, काकांनी कुलूप घातलं आणि आम्ही हात चोळत बसलो. कागद नाही तर काही नाही, मग इमाम असो की दुकान.

सैफीगल्ली: वकीलसाहेब, जरा दमानं. ती दाईची नस्स होती, इमामची नाही. आमचे इमाम परद्यात आहेत, दाई त्यांच्या वतीने काम बघतात. आणि आमच्या घरातल्या लग्नांना या निकालानंतर अर्धे पाहुणे येईनात, तुम्हाला दुकानाची पडलीय!

गिरगावचा_वकील: चिडताय कशाला? कोर्टानेही सांगितलं की निकाल पुराव्यावर आहे, श्रद्धेवर नाही. मी तेच म्हणतोय.

भिवंडीकर: मग गदीरला पैगंबरांनी अलींना मौला म्हटलं तेव्हा तर हजारो साक्षीदार होते म्हणता, तरी भांडण झालंच ना? साक्षीदार मोजून काय मिळालं? आम्हीही ती हदीस मानतो, पण मौला म्हणजे दोस्त, वारस नाही.

डोंगरीवाला: भर उन्हात काफिला थांबवून दोस्ती जाहीर करायची? आणि त्याआधी 'तुमच्यावर तुमच्याहून माझा हक्क जास्त नाही का' असं विचारलं, ते कशाला?

सडेतोड: बरं बाबा, घराणेशाही नाही, घरातल्या घरात वरून आलेली नेमणूक. खूश? मग एवढंच सांगा, जाफर सादिकांनी आपल्या इस्माईल या मुलावर नस्स केली होती म्हणतात, ती मागे कशी घेतली? अल्लाहने विचार बदलला?

डोंगरीवाला: मुफीद म्हणतात नस्स झालीच नव्हती, थोरला आणि लाडका म्हणून लोकांनी धरून चालले, तो वडिलांच्या आधी वारला.

सैफीगल्ली: झाली होती. आणि एकदा झालेली नस्स मागे फिरत नाही, इमामत इस्माईलच्याच वंशात गेली. मुफीदांना काय विचारता, आम्हाला विचारा.