अनुभव धागा: एकाच घरात एकाच आठवड्यात डेंगी आणि चिकुनगुनिया

सांजवेळ
काल सासूबाईंनी बऱ्याच काळानंतर हातात पाटल्या घातल्या. त्या मनगटावरून अडखळत सरकल्या तेव्हा मला २०२४ च्या पावसाळ्यातला, पुण्यात घरोघरी चिकुनगुनिया चालू असतानाचा, आमच्या घरातला एक आठवडा आठवला. तो इथे लिहिते आणि तुमचेही अनुभव वाचायला आवडतील.

सोमवारी दुपारी भाजी निवडता निवडता सासूबाईंना हुडहुडी भरली आणि संध्याकाळपर्यंत ताप १०३ वर गेला. रात्री त्यांना पाऊल टेकवेना. सकाळी चहाच्या कपाचा कान त्यांच्या सुजलेल्या बोटांत बसेना, म्हणून मी वाटीतून चहा पाजला. बुधवारी नवऱ्याला ताप आला. त्याचे डोळ्यांमागे ठणकत होते आणि कंबर मोडल्यासारखी झाली होती, पण सांध्यांना सूज अजिबात नव्हती. गुरुवारी दोघांनाही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सासूबाईंच्या बोटांची पेरे आणि घोटे एकेक करून दाबून पाहिले आणि दोघांच्याही बाबतीत आधी एकच प्रश्न विचारला, "तापाचा आज कितवा दिवस?"

नवऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रक्तात डेंगीची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आली. सासूबाईंचा तो चौथा दिवस होता. त्यांची एनएस-१ निगेटिव्ह आली आणि चिकुनगुनियाची पट्टीवरची चाचणीही निगेटिव्ह आली. मी निःश्वास सोडला, पण डॉक्टरांनी सोडला नाही. "हा चिकुनगुनियाच दिसतो, पण तसे सिद्ध होईपर्यंत यांनाही डेंगीचेच पथ्य," असे म्हणून त्यांनी दोघांनाही फक्त पॅरासिटामॉल दिले आणि दुखण्यावरची दुसरी कोणतीही गोळी घ्यायची नाही, असे बजावले. पुढच्या सोमवारी, म्हणजे आठव्या दिवशी, सासूबाईंची एलायझा चाचणी चिकुनगुनियासाठी पॉझिटिव्ह आली.

तुमच्या डॉक्टरांना कशावरून संशय आला होता आणि रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले होते?

घाटमाथा
यात गोंधळ होण्यासारखे काही नाही. रक्तातल्या प्लेटलेट पेशी कमी झाल्या की डेंगी आणि पेशी चांगल्या असून सांधे दुखत असतील तर चिकुनगुनिया. माझ्या भावाच्या पेशी ७०,००० वर आल्या होत्या. पपईच्या पानांचा रस दिल्यावर तीन दिवसांत त्या १,५०,००० झाल्या.

नमुना_क्रमांक
मी पंधरा वर्षे प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने हाताळतो, म्हणून सांजवेळ यांच्या सासूबाईंच्या चौथ्या दिवसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या निगेटिव्ह अहवालावर विसंबून घरी बसलेले रुग्ण मी दर पावसाळ्यात पाहतो.

एनएस-१ हे डेंगीच्या विषाणूचेच प्रथिन आहे, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून सापडू शकते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर ओसरू लागते. आयजीएम मात्र शरीराने तयार केलेले प्रतिपिंड आहे आणि ते दोन्ही आजारांत साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागते. चिकुनगुनियासाठी एनएस-१ सारखी सोपी, सर्रास मिळणारी चाचणी आपल्याकडे वापरात नाही. पहिल्या पाच-सहा दिवसांत विषाणू शोधायचा तर आरटी-पीसीआर करावी लागते आणि ती महाग पडते. चौथ्या दिवशी चिकुनगुनियाची आयजीएम पट्टी निगेटिव्ह आली, याचा अर्थ "आजार नाही" असा होत नाही. "प्रतिपिंड अजून आलेले नाही" एवढाच होतो. त्यात पट्टीपेक्षा एलायझा अधिक भरवशाची. सरकारी रुग्णालयांत आम्हाला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केलेले एलायझाचे संच मिळतात, पण एका वेळी बरेच नमुने लावायचे असल्यामुळे अहवालाला वेळ लागतो आणि लोक तेवढ्यात बाहेरून पट्टी करून येतात.

सगळ्यांना एकच विनंती आहे की, रक्त द्यायला याल तेव्हा ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते अर्जावर लिहा. निम्म्या अर्जांवर ती जागा कोरी असते.

बार्शीकर६०
माझी आठवण फार जुनी आहे. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गल्लीतली धडधाकट माणसे भिंत धरून वाकून चालत होती. आफ्रिकेतल्या ज्या भाषेतून हे नाव आले त्या भाषेत त्याचा अर्थच वाकून जाणे असा आहे, हे मला फार उशिरा कळले. वडील दोन महिने जात्याच्या खुंट्याला हात लावू शकले नाहीत आणि मी आठवडाभर अंथरुणाला खिळलो होतो. त्यानंतर हा आजार देशातून जणू गायबच झाला आणि तीस-बत्तीस वर्षांनी, २००५-०६ मध्ये, परत आला. त्या वेळी आमच्या घरातले सगळे आडवे झाले, मी सोडून. एकदा झाला की परत होत नाही, हे यावरून सिद्ध होते असे मी सगळ्यांना सांगत असतो.

ताप_उतरला
बार्शीकर काका, एका घरावरून ते सिद्ध होत नाही, पण तुमचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. चिकुनगुनिया एकदा झाला की सहसा आयुष्यभर संरक्षण मिळते. डेंगीचे चार प्रकार आहेत, त्यामुळे तो पुन्हा होऊ शकतो आणि दुसऱ्या वेळी गंभीर होण्याचा धोका अधिक असतो.

घाटमाथा, मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, म्हणून तुमच्या नियमाविषयी लिहिणे भाग आहे. चिकुनगुनियातही पेशी काही प्रमाणात उतरतात, आणि डेंगीच्या पहिल्या दोन दिवसांत त्या अगदी व्यवस्थित असू शकतात. तुमच्या नियमाने दुसऱ्या दिवशीचा डेंगीचा रुग्ण घरी जाईल. आम्ही पेशींइतकेच पीसीव्हीकडे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाकडे, बघतो. डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, रक्त दाट होते आणि पीसीव्ही चढतो. पेशी उतरत असताना पीसीव्ही चढत असेल, पोटात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, तर माझी झोप उडते. हे सगळे बहुतेक वेळा ताप उतरतो तेव्हाच सुरू होते, आणि नेमके तेव्हाच घरचे म्हणतात की आता बरे वाटते आहे. चिकुनगुनियात असे झिरपणे सहसा होत नाही. तिथे ताप तीन-चार दिवसांत जातो आणि सांधे मागे राहतात. पेशी तर ताप गेल्यावर दोन-तीन दिवसांत आपोआप वर येतात, त्यामुळे त्याचे श्रेय पपईला द्यायचे की दिवसांना, हे तुम्हीच ठरवा.

सांजवेळ, ताप उतरल्यावर नवऱ्याचे काय झाले ते तुम्ही लिहिले नाही.

सांजवेळ
तेच लिहायचे राहिले. रविवारी, पाचव्या दिवशी, त्याचा ताप गेला आणि त्याने लगेच कार्यालयात जायची भाषा सुरू केली. सोमवारी पेशी १,३८,००० वरून ६२,००० वर आल्या होत्या, पीसीव्ही ४१ वरून ४६ झाला होता आणि त्याला जेवण जात नव्हते. डॉक्टरांनी दोन दिवस दाखल करून घेतले, सलाईन मोजून दिले आणि दर सहा तासांनी रक्त पाहिले. सासूबाईंच्या पेशी १,६०,००० च्या खाली गेल्याच नाहीत. घरात जास्त कण्हणाऱ्या त्या होत्या, म्हणून आमचे सगळे लक्ष त्यांच्याकडे होते.

कोकणी_माणूस
अशा वेळी एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून ताट-वाटी आणि टॉवेल वेगळे ठेवावे का? आमच्याकडे आईला चिकुनगुनिया झाला तेव्हा आम्ही तिला वेगळ्या खोलीत ठेवले होते आणि चिकन महिनाभर बंद केले होते.

पाणी_साठा_तपासनीस
चिकन बंद करण्याचा बिचाऱ्या कोंबडीशिवाय कोणालाही फायदा झाला नसावा. मी हिवताप विभागात आरोग्यसेवक आहे. ताट-वाटीने हे आजार पसरत नाहीत. दोन्ही एकाच डासाकडून येतात, मुख्यतः एडीस इजिप्तीकडून, ज्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि जो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, चावतो. आजाराच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो आणि तेव्हा चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून टॉवेल वेगळा नको, दिवसा मच्छरदाणी हवी. हे सांगितले की लोक हसतात, कारण मच्छरदाणी रात्रीची, असे सगळ्यांच्या डोक्यात पक्के आहे.

एक घर आम्ही तपासतो तेव्हा माणसे गटाराकडे बोट दाखवतात. हा डास गटारात सहसा अंडी घालत नाही. त्याला घरातले स्वच्छ, साठलेले पाणी हवे असते. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी आटले तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. त्यामुळे पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. सांजवेळ, हा डास फार लांब उडत नाही. दोघेही दोन दिवसांच्या अंतराने आजारी पडले, म्हणजे डास तुमच्याच घरात किंवा शेजारी असणार. फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला होता का?

गोधडी
माझा अनुभव वेगळा आणि कटू आहे. दुसऱ्याच दिवशी गुडघे इतके दुखत होते की जवळच्या एका दवाखान्यात मला वेदनाशामक इंजेक्शन दिले गेले, आणि दोन दिवसांनी हिरड्यांतून रक्त आले. तपासणीत डेंगी निघाला. डेंगीतही सांधे दुखतात, हे तेव्हा कोणी लक्षात घेतले नाही. मला सूज नव्हती, नुसते दुखत होते.

माझ्या बहिणीला मात्र २०२४ मध्ये चिकुनगुनिया झाला आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर काळा डाग उमटला. पुण्यात त्या वर्षी बऱ्याच जणांना तसा डाग आला होता. तिचे हाताचे सांधे अजून सकाळी तासभर आखडलेले असतात. एक डॉक्टर म्हणतात हे चिकुनगुनियाचेच शेपूट आहे, दुसरे म्हणतात संधिवात सुरू झाला आहे.

ताप_उतरला
गोधडी, त्या इंजेक्शनमुळेच रक्त आले असे खात्रीने म्हणता येणार नाही, कारण नुसत्या डेंगीतही हिरड्यांतून रक्त येते. पण डेंगीची शक्यता संपेपर्यंत ते द्यायला नको होते, हे नक्की. सूज आणि नुसते दुखणे यांतला फरक तुम्ही अचूक टिपला आहे. लहान सांधे, दोन्ही बाजूंचे, सुजलेले असतील तर आमचा कल चिकुनगुनियाकडे झुकतो, तरी डेंगीची तपासणी सुटत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी झालेले रुग्णही मी पाहिले आहेत.

बहिणीबद्दल इथे मत देणे योग्य होणार नाही. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी आणि आमवात कित्येकदा हुबेहूब सारखे दिसतात. संधिवाततज्ज्ञांकडे जाताना मूळ तापाची तारीख आणि तेव्हाचा अहवाल बरोबर न्या. आज केलेल्या आयजीएम चाचणीचा फारसा उपयोग नाही, कारण ते काहींच्या रक्तात महिनोन्महिने रेंगाळते.

नमुना_क्रमांक
याला दुजोरा देतो. मागच्या वर्षीच्या आयजीएममुळे या वर्षीच्या साध्या तापाला चिकुनगुनिया ठरवलेले अहवाल माझ्या हातून गेले आहेत.

सांजवेळ
तपासनीस, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता फ्रिज पुढे ओढला. ट्रेमध्ये दोन बोटे पाणी आहे आणि त्यात बारीक अळ्या वळवळत आहेत. सासूबाई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या आहेत आणि घासणी कोणती वापरायची ते सांगत आहेत.