मदत हवी आहे: डिस्चार्ज कार्डावरच्या परिच्छेदातून औषधांचा वेळापत्रक-तक्ता कसा करायचा?

निशिगंधा (शनिवार, दुपारी 4:10)
सासूबाईंना आज घरी आणलं. छातीत कफ आणि दम, म्हणून ॲडमिट होत्या. कार्डावर सगळी औषधं एकाच परिच्छेदात आहेत, तीही इंग्रजीत. सोमवारपासून मी ऑफिसला, औषधं सासरे देणार. त्यांना मराठीत, मोठ्या अक्षरात तक्ता हवाय. कार्ड जसंच्या तसं उतरवते:

थायरॉक्सिन 50 ओडी उपाशीपोटी, पॅन्टोप्राझोल 40 ओडी एसी 10 दिवस, सेफुरॉक्झिम 500 बीडी पीसी 5 दिवस, ग्लिमेपिराइड 1 + मेटफॉर्मिन 500 एसआर बीडी एसी, टेल्मिसार्टन 40 ओडी, प्रेडनिसोलोन 20 तीन दिवस, मग 10 तीन दिवस, मग 5 तीन दिवस, कॅल्शियम 500 ओडी, डी-3 60 हजार आठवड्यातून एकदा 8 आठवडे, ॲटोर्वास्टॅटिन 10 एचएस, पॅरासिटामॉल 650 एसओएस.

सकाळ-दुपार-रात्र असे तीन रकाने आखले, पण सकाळच्या रकान्यात सहा गोळ्या आल्या. कुणी नीट लावून देईल का? आज रात्रीपर्यंत हवंय.

विसूभाऊ (4:25)
सोपं आहे. बीडी म्हणजे दर बारा तासांनी, सकाळी 8 आणि रात्री 8. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, त्या सगळ्या सकाळी 8 ला. एचएस झोपताना. बाजारात सात दिवसांचा कप्प्यांचा डबा मिळतो, रविवारी भरून ठेवा. तक्त्याची गरजच नाही.

औषधवाला (4:41)
विसूभाऊ, बारा तासांचं गणित ॲन्टिबायोटिकला, म्हणजे सेफुरॉक्झिमला, चालेल (पीसी म्हणजे जेवणानंतर), ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या शुगरच्या गोळीला नाही. तिथे बीडीला एसी जोडलंय, म्हणजे जेवणाआधी. ती गोळी घड्याळाला नाही, ताटाला बांधलेली असते. रात्री 8 ला गोळी दिली आणि जेवण साडेनऊला झालं, तर मधल्या दीड तासात साखर उतरू शकते.

ताई, तक्ता आखण्याआधी एवढं सांगा. आज दवाखान्यात कोणकोणते डोस दिले, किती वाजता? घरी चहा, नाश्ता, जेवणं कधी असतात? केमिस्टने दिलेल्या पाकिटांवर मिलिग्रॅम किती आहेत? आणि कार्डाच्या शेवटी आधीच्या औषधांबद्दल काही लिहिलंय का?

निशिगंधा (5:02)
शेवटच्या ओळीत "आधीची औषधं चालू ठेवा" असं आहे. पण ती रोजचीच आहेत, सासऱ्यांना पाठ आहेत, त्यांचं काय लावायचं? सासूबाई सहाला उठतात, उठल्या उठल्या दुधाचा चहा. नाश्ता साडेआठ, जेवण एक आणि रात्री साडेआठ. आजचे सकाळचे डोस दिलेत म्हणे.

जास्वंद (5:10)
सगळा घोळ त्या शेवटच्या ओळीतच होतो. नवीन कार्डावर एक नाव, घरातल्या कपाटात दुसरं नाव आणि आत औषध तेच. जुन्या पाकिटांवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात घटक असतात, ते वाचून इथे टाका.

कोकणी_माणूस (5:18)
विषय निघालाच आहे तर विचारतो. वडिलांना इन्सुलिन आहे, 30/70. कुपीवर 40 लिहिलंय आणि मेडिकलवाल्याने नारिंगी टोपणाची सिरिंज दिली. चालेल का?

औषधवाला (5:24)
चालणार नाही. 40 च्या कुपीला, म्हणजे एका मिलीत 40 युनिट असतात तिला, लाल टोपणाची सिरिंज लागते, नारिंगी 100 च्या इन्सुलिनसाठी. नारिंगीत 40 चं इन्सुलिन त्याच रेघेपर्यंत भरलं, तर अडीच पट कमी जाईल. उलट झालं तर अडीच पट जास्त. आत्ताच बदलून आणा, आणि आधी दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

निशिगंधा (5:47)
जुनी पाकिटं पाहिली. एक थायरॉइडचं, 50 चंच. एक बीपीचं, त्यावर टेल्मिसार्टन 40 आणि ॲम्लोडिपिन 5. एक शुगरचं, ग्लिमेपिराइड 1 आणि मेटफॉर्मिन 500. पण त्याचं नाव वेगळं आहे, रंगही वेगळा.

जास्वंद (5:53)
नाव आणि रंग कंपनीचे, औषध तेच. नवीन-जुनं दोन्ही दिलं तर शुगरची गोळी दुप्पट, टेल्मिसार्टनही 40 चं 80. सासऱ्यांना जुनं पाठ आहे म्हणूनच जास्त भीती. ते नवीन तक्ता पाळतील आणि सवयीने जुन्या डब्यातूनही देतील.

औषधवाला (6:05)
बरोबर. जुनी तिन्ही पाकिटं आजच पिशवीत घालून दुसऱ्या कपाटात ठेवा. टाकू नका, थायरॉइडचं पुढे वापरता येईल, फक्त एका वेळी एकच पाकीट बाहेर असू द्या. बीपीचा प्रश्न मात्र इथे सुटणार नाही. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन मुद्दाम काढलं की फक्त लिहायचं राहिलं, हे त्यांनाच विचारा. प्रश्न असा नेमका विचारा: "घरी टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन होतं, कार्डावर नुसतं टेल्मिसार्टन आहे, कोणतं एक द्यायचं?" "जुनी चालू ठेवू का?" असं विचारलंत तर हो असंच उत्तर येईल.

आता स्टिरॉइडचं, म्हणजे प्रेडनिसोलोनचं. कार्डावर मिलिग्रॅम आहेत, तक्त्यावर गोळ्यांची संख्या हवी. पाकिटावर किती मिलिग्रॅम? आणि आजचा डोस तीन दिवसांत धरायचा का, ते वॉर्डात फोन करून विचारा.

विसूभाऊ (6:15)
20 म्हणजे 20 ची एक गोळी, त्यात काय विचारायचं?

निशिगंधा (6:38)
पाकिटावर 10 आहे, दहा गोळ्या. सिस्टर म्हणाल्या, आजचा दिला, कोर्स उद्यापासून मोजा. ॲन्टिबायोटिक सकाळी दहाला दिलं होतं, पुढचं रात्री. त्याच्याही दहा गोळ्या आहेत. डॉक्टर आठनंतर फोनवर येतील.

औषधवाला (7:02)
मग उद्या 15 तारखेपासून मोजा. 15, 16, 17 ला दोन गोळ्या, 18, 19, 20 ला एक, 21, 22, 23 ला अर्धी. बेरीज साडेदहा. तुमच्याकडे दहा आहेत, म्हणजे 23 चा अर्धा डोस कमी पडतो. आत्ताच एक गोळी जास्त आणा, शेवटच्या दिवशी धावपळ नको. तक्त्यात "तीन दिवस" असं लिहूच नका. तारखा लिहा आणि तारखेसमोर गोळ्या. दिवस मोजताना चुकतं, तारीख वाचताना नाही.

ॲन्टिबायोटिक आज रात्री जेवणानंतर सुरू केलं, तर दहावी गोळी 19 ला सकाळी संपते. दम कमी झाला म्हणून मध्येच थांबवू नका. 19 च्या चौकटीनंतर त्या ओळीवर आडवी रेघ मारून ठेवा.

सकाळच्या सहा गोळ्यांचा गठ्ठा असा सुटतो. थायरॉइडची साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी, तास मिळाला तर उत्तम. सहाला गोळी, सातला चहा. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि पुढच्या तपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो. म्हणून ते दुपारच्या जेवणानंतर. पॅन्टोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास. स्टिरॉइड रिकाम्या पोटी नको आणि रात्रीही नको, झोप उडते. नाश्त्यानंतर द्या.

विसूभाऊ (7:15)
कोलेस्टेरॉलची रात्रीच द्यायला हवी, दिवसा दिली तर फुकट जाते.

जास्वंद (7:20)
काही जुन्या स्टॅटिन्सना ते लागू आहे. ॲटोर्वास्टॅटिनचा परिणाम लांब टिकतो, रात्रीच हवी असं नाही. पण कार्डावर एचएस आहे, तर रात्रीच्या जेवणानंतरच्या गोळ्यांतच बसवा. झोपतानाचा वेगळा रकाना वाचतो. सासरे साडेदहापर्यंत जागे राहतीलच असं नाही.

भटकभवानी (7:26)
एवढी औषधं महाग पडतील. जनऔषधी केंद्रातून घ्या.

जास्वंद (7:31)
प्रश्न तो नाही, पण त्यातून एक गोष्ट निघते. दुकान बदललं की पाकिटावरचं नाव बदलतं. तक्त्यावर नुसतं ब्रँडचं नाव असेल तर सासरे पुढच्या महिन्यात अडकतील. म्हणून घटकाचं नाव मराठीत मोठं, त्याखाली "कशासाठी" आणि आत्ताच्या पाकिटाचं नाव पेन्सिलने.

औषधवाला (7:50)
तक्ता असा लिहा:

सकाळी 6, उठल्यावर: थायरॉइड 1, फक्त पाण्याबरोबर. चहा 7 ला.
सकाळी 8: पॅन्टोप्राझोल 1, 10 दिवस. शेवटची तारीख लिहा.
सकाळी 8:30, ताट वाढल्यावर: शुगर 1, मग लगेच नाश्ता.
नाश्ता झाल्यावर: स्टिरॉइड (तारखेप्रमाणे), ॲन्टिबायोटिक 1 (19 पर्यंत), बीपी 1 (डॉक्टर सांगतील ते एकच).
दुपारी जेवणानंतर: कॅल्शियम 1.
रात्री 8:30, ताट वाढल्यावर: शुगर 1, मग लगेच जेवण.
जेवण झाल्यावर: ॲन्टिबायोटिक 1 (18 पर्यंत), कोलेस्टेरॉल 1.

शुगरच्या ओळीसमोर लाल शाईने: "खाणार नसतील तर ही गोळी नको, सुनेला फोन." ही एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी आहे, कुटून किंवा तोडून द्यायची नाही.

डी-3 या तक्त्यात घालूच नका. रोजच्या ओळींत बसवलं की आठवड्याची गोळी रोज दिली जाते. कॅलेंडरवर 15 मार्च ते 3 मे असे आठ रविवार गोल करा, दुपारच्या जेवणानंतर. पॅरासिटामॉलही तळाशी वेगळ्या चौकटीत: ताप किंवा दुखणं असेल तेव्हाच, दिल्याची वेळ लिहायची, दोन डोसांत सहा तास. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुधा तेच असतं, त्या सोबत नकोत.

विसूभाऊ (8:02)
आणि डबा? त्याला तुम्ही पूर्ण विरोध करताय.

औषधवाला (8:09)
विरोध नाही. रोज न बदलणाऱ्या गोळ्यांना डबा चांगला. पण हे नऊ दिवस स्टिरॉइड दर तीन दिवसांनी बदलतंय, ॲन्टिबायोटिक 19 ला संपतंय. डबा भरणाऱ्याकडून चूक झाली तर आठवडाभर तीच चूक दिली जाईल. शिवाय पाकिटातून काढल्यावर कोणती कुठली ते कळत नाही. 24 पासून डबा सुरू करा.

जास्वंद (8:14)
खूण गोळी हातात घेतल्यावर नाही, गिळल्यावर करायची. हे सासऱ्यांना करून दाखवा. मध्येच दाराची बेल वाजते, गोळी टेबलावर राहते आणि तक्त्यावर खूण झालेली असते.

निशिगंधा (9:05)
डॉक्टरांशी बोलले. आत्ता नुसतं टेल्मिसार्टन द्या, ॲम्लोडिपिन दवाखान्यात पायांना सूज दिसली म्हणून काढलंय. सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवायला सांगितलं. एक प्रश्न उरला: स्टिरॉइड कमी होताना शुगरची गोळी तीच ठेवायची का?

औषधवाला (9:16)
हे विचारायचं राहिलं असेल तर उद्याच विचारा. स्टिरॉइडने साखर चढते, विशेषतः दुपारनंतर. 18 पासून डोस अर्धा झाला की ती उतरू लागेल आणि गोळी तीच राहिली तर जास्त उतरू शकते. डॉक्टरांना संध्याकाळच्या जेवणाआधीचे आकडे दाखवा, ते ठरवतील. तोपर्यंत घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल आणि त्या नीट गिळत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात.

कोकणी_माणूस (9:22)
लाल टोपणाची सिरिंज मिळाली. पण काल नारिंगीने 12 दिलं होतं, आज साखर 310. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. रात्रीचं किती द्यायचं?

औषधवाला (9:26)
लाल सिरिंजवर कार्डावरचा नेहमीचा डोस. कालची भरपाई म्हणून एक युनिटही वाढवू नका. दोन तासांनी पुन्हा तपासा. उलटी, सुस्ती किंवा जोरात श्वास दिसला तर फोनची वाट न बघता दवाखान्यात न्या.