मदत हवी आहे: पी अँड आयडीवरून इंटरलॉकचं कॉज अँड इफेक्ट मॅट्रिक्स

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत सरकीच्या सॉल्व्हंट प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. हेक्झेनच्या वर्क टँकवर अडलोय.

टँकच्या शीटवर LT-101 वरून LALL निघतो आणि तुटक रेषा I-3 च्या चौकटीत जाते. पंपांच्या शीटवर त्याच I-3 मधून एकच रेषा P-101A ला जाते: पंप बंद. P-101B स्टँडबाय आहे. कॉमन डिस्चार्ज हेडरवरच्या PSL-103 ने तो आपोआप सुरू होतो, त्याची चौकट I-4. आता लेव्हल संपून A बंद पडला की हेडरचा दाब उतरणार, I-4 ला वाटेल A बिघडला, आणि B रिकाम्या टँकवर कोरडा चालू होईल. कोरड्या पंपाचं सील तापतं, आणि आत हेक्झेन आहे. हे मला ड्रॉइंगवर बोट फिरवतानाच दिसलं. शीट वेगवेगळ्या वाचल्या तर दिसत नाही.

दोन्ही शीटची रिव्हिजन एकच आहे, नोट्सही वाचल्या. इंटरलॉकचं लेखी वर्णन प्लांटवर नाही, डिझायनरचं उत्तर आलेलं नाही. लॉजिक साध्या पीएलसीत आहे, वेगळी सेफ्टी सिस्टिम नाही. LT-101 एकच, तोच कंट्रोललाही वापरलाय.

मॅट्रिक्समध्ये LALL च्या ओळीत A बंद, B बंद आणि ‘B चा ऑटो स्टार्ट रोखा’ असे तीन वेगळे इफेक्ट लिहायचे, की B च्या रकान्यात बंद लिहून I-4 पेक्षा I-3 वरचढ अशी टीप पुरते? आणि लेव्हल परत आल्यावर ऑटो स्टार्ट आपोआप मोकळा करायचा, की ऑपरेटरच्या रिसेटनंतरच?