मदत हवी आहे: गोल काचेचा वीजमीटर दिसला म्हणून अमेरिका धरली आणि चुकलो. नेमकं काय बघायचं?

भोवरा
जिओगेसरमध्ये रस्त्याच्या फोटोवरून देश ओळखताना परवा पुन्हा आपटलो. फोटोत पाटी नाही, गाडी नाही. रखरखीत माळ, रस्त्याला लागून सिमेंटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत, भिंतीत गोल काचेचा मीटर. मीटरमधून एक पाइप सरळ वर गेलाय आणि त्याच्या टोकाला खाली वाकलेली टोपी आहे. मागे राखाडी खांब. गोल मीटर म्हणजे अमेरिका, हे डोक्यात पक्कं होतं, म्हणून न्यू मेक्सिकोवर खूण केली. उत्तर निघालं मेक्सिको, चिवावा राज्य. मीटर दोन्हीकडे सारखाच असेल तर फरक कशात शोधायचा? दिव्यांवरून किंवा टेलिफोनच्या पेट्यांवरून काही कळतं का?

रानवाटा
गोल काच म्हणजे उत्तर अमेरिका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. युरोपात चौकोनी मीटर असतात. तुमचं फक्त नशीब खराब होतं.

तारकरी
रानवाटा, अर्धंच बरोबर आहे. काचेच्या घुमटाचा, मागचे पाय खोबणीत दाबून बसवायचा मीटर अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहे, तसाच तो पोर्तो रिको आणि फिलिपिन्समध्येही आहे. फिलिपिन्समध्ये तर वीज २३० व्होल्टची, तरी मीटर अमेरिकी घाटाचा. त्यामुळे काचेवरून फक्त कुटुंब कळतं, देश नाही.

भोवरा, तुमच्या फोटोत उत्तर मीटरच्या आजूबाजूला होतं. क्रमाने बघा.

पहिलं, मीटर कुठे आहे? मेक्सिकोत वीज कंपनी सीएफई मीटर मालमत्तेच्या हद्दीवर, रस्त्याकडे तोंड करून लावायला सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला आत जावं लागत नाही. त्यासाठी लोक भिंतीचा तुकडा किंवा छोटा खांबोटा बांधतात. मीटर साधारण डोळ्यांच्या उंचीला येतो. पाइपच्या टोकाची वाकडी टोपी पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून असते. तिला तिथे 'मुफा' म्हणतात आणि ती जमिनीपासून ४.८ मीटरवर हवी. कंपनीचा खांब ३५ मीटरच्या आत असावा लागतो. म्हणून असा पाइप दिसला की खांबही जवळच सापडतो. अमेरिकेत मीटर बहुतेक वेळा घराच्याच भिंतीवर असतो, रस्त्यापासून आत, बाजूच्या अंगाला.

दुसरं, खांब. सीएफईचा नेहमीचा खांब काँक्रीटचा, अष्टकोनी, वर निमुळता होत जाणारा. एका बाजूवर ऊन आणि शेजारच्या बाजूवर सावली अशी कडक रेघ दिसली की तो अष्टकोनी. गोल खांबावर सावली हळूहळू विरत जाते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वस्तीतला सर्वसाधारण खांब लाकडी असतो.

तिसरं, आणि मला हे सगळ्यात भरवशाचं वाटतं: खांबापासून टोपीपर्यंत तारा किती? अमेरिकी घराला २४० व्होल्टची जोडणी असते, म्हणजे दोन गरम तारा आणि एक न्यूट्रल, तीन तारांची वेणी. मेक्सिकोत साध्या घराला १२७ व्होल्टची एकच गरम तार आणि न्यूट्रल पुरतात. दोनच तारा. गरिबाघरची जोडणी म्हणा हवं तर. मोठ्या घराला तिथेही तीन असतात, म्हणून तीन दिसल्या तर मेक्सिको बाद करू नका. दोन दिसल्या तर मात्र अमेरिका जवळपास बाद.

भोवरा
आत्ता फोटो परत उघडला. खांब अष्टकोनी आहे, सावलीची रेघ दिसते. पण तारा मोजल्या तर चार येतायत?

तारकरी
कुठे मोजल्या? मधल्या झोळात मोजल्या असतील तर तिथे दोन फोटो जोडल्याचा सांधा असतो आणि प्रत्येक तार दुप्पट दिसते. शिवाय टेलिफोनची केबल त्याच वाटेने थोडी खालून जाते. तारा टोपीच्या तोंडाशी मोजा. तिथे टेलिफोनची केबल शिरत नाही.

भोवरा
टोपीशी दोनच आहेत. चुकलोच होतो म्हणायचं.

शिल्पा_म
माझ्या मीटरवर लाल दिवा सारखा लुकलुकतो, रात्री जास्त. हे बिघाडाचं लक्षण आहे का? काचही थोडी धुरकट झाली आहे.

तारकरी
शिल्पाताई, धागा वेगळा आहे, पण उत्तर छोटं आहे. तो दिवा वापर मोजतो. मीटरवर ३२०० इम्प असं लिहिलं असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. रात्री जास्त उपकरणं चालू असतील तर तो जास्त वेगाने लुकलुकणारच. मुख्य स्विच बंद करूनही लुकलुकत राहिला तर वेगळा धागा काढा.

गजानन
ब्राझीलमध्येपण गोल काच बघितली आहे मी. मग तेही याच कुटुंबात?

दिवेलागण
नाही हो, ती पेटीच्या झाकणावरची गोल खिडकी. आतला मीटर चौकोनी. काच भिंगासारखी झाकणात बसलेली असेल आणि भोवती चौकोनी प्लास्टिकची पेटी असेल तर अमेरिकी कुटुंब सोडा. अमेरिकी घाटात काचेचा घुमटच पेटीतून पुढे आलेला असतो आणि भोवती धातूची कडी असते.

भोवराने दिव्यांचं विचारलं होतं. अमेरिका आणि कॅनडात रस्त्याच्या दिव्याच्या पोटावर, खालून दिसेल असा एक चौकोनी स्टिकर असतो आणि त्यावर ठळक आकडा. पिवळा म्हणजे सोडियम, निळा म्हणजे पारा, लाल म्हणजे मेटल हॅलाइड. जुन्या दिव्यांवर आकडा दहाने गुणायचा: पिवळ्यावर १० म्हणजे १०० वॅट सोडियम, २५ म्हणजे २५०. फसगत होते ती उन्हाने. पिवळा विटून पांढरा पडतो आणि लोक त्याला एलईडी समजतात. तेव्हा दिव्याचा आकार बघा. खाली फुगलेली काच असेल तर आत जुना दिवाच आहे.

रानवाटा
बरं, पण अमेरिकेतही खेड्यात फिरत्या घरांसाठी मीटर अंगणातल्या खांबावर लावतात. तो रस्त्याजवळ असला की तारकरींचा पहिला मुद्दा गेला ना?

तारकरी
हा मुद्दा रास्त आहे, मी सरसकट लिहायला नको होतं. तिथे मीटर लाकडी खांबाला ठोकलेला असतो आणि तारा तीन येतात, बांधलेला खांबोटा नसतो. टेलिफोनची खूणही बघा: अमेरिकेत घरासमोर गवतात गुडघाभर उंचीचा हिरवा किंवा मळकट रंगाचा खुंटा वारंवार दिसतो. मेक्सिकोत टेलिफोनची छोटी पेटी बऱ्याचदा खांबावरच टांगलेली असते. पण फुटपाथवर मोठं कपाट दोन्हीकडे असतं, त्यावरून ठरवू नका.

गजानन
आणि ग्वाटेमाला? तिथेही गोल मीटर आणि काँक्रीटचे खांब आहेत.

तारकरी
हो, आणि तिथे मीटरवरून मी मेक्सिको वेगळा काढू शकत नाही. भोवराचा फोटो वाळवंटाचा होता म्हणून सुटला. हिरव्या डोंगरातला असता तर मीही अडकलो असतो. कोणाकडे दोन्हीकडचे जवळून घेतलेले फोटो असतील तर टाका.

दिवेलागण
मीटरच्या काचेवर सीएफईची तीन लॅटिन अक्षरं दिसली तर प्रश्नच मिटतो. चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसतात, मीटरवरची अक्षरं बऱ्याचदा राहून जातात. आधी झूम करून बघत जा.