मदत हवी आहे : गुळाचे क्यूब थेट लाँच की आधी पायलट? शीट पायलटला पाडतेय, घरचे मला पाडताहेत

करवीरचा_गूळवाला
नमस्कार मंडळी. शुक्रवारी बँकेत कागद द्यायचेत, म्हणून घाईत लिहितोय. केमिकल नसलेल्या गुळाचे १० ग्रॅमचे क्यूब डब्यात भरून विकायचेत. थेट लाँच केलं तर ६० लाख लागतात. माल चालला तर वर्षाला ३० लाख सुटतील, नाही चालला तर ६ लाख. ५ वर्षं आणि १५ टक्के दर धरला की चालल्यास एनपीव्ही, म्हणजे आजच्या किमतीतला निव्वळ फायदा, +४० लाख, पडल्यास −४० लाख येतो. चालायची शक्यता ६० टक्के धरलीय. म्हणजे थेट लाँचची अपेक्षित एनपीव्ही ८ लाख.

पायलट म्हणजे आधी थोड्या दुकानांत विकून बघणं, त्याला ५ लाख खर्च आणि एक वर्ष उशीर. तेच ८ लाख १५ टक्क्यांनी एक वर्ष मागे आणले की ६.९६, त्यातून ५ वजा, राहिले १.९६. म्हणजे थेट लाँच सरळ सरस. पण वडील आणि बँकेतले साहेब दोघंही पायलटच म्हणतात. माझा हा फांद्यांचा हिशेब, म्हणजे डिसिजन ट्री, चुकीचा आहे का ते दोघं?

निवांत_रंकाळा
६० टक्के कुठून आणले भावा?

मार्केट_यार्डचा_अडत्या
क्यूब कोण घेणार हो? कोल्हापुरात माणूस गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप घेतो, फोडून बघतो, तुकडा तोंडात टाकतो, मग पिशवीत. चाळीस वर्षं बघतोय. आणि लेबलवर कोल्हापुरी गूळ लिहायचं असेल तर जीआयचं, म्हणजे त्या भागाच्या मालाच्या नावाच्या नोंदणीचं आधी बघा. २०१४ साली मिळालाय आपल्याला, तरी अर्धे लोक साखर मिसळून तेच नाव लावतात.

करवीरचा_गूळवाला
काका, साखरेचा प्रश्नच नाही, आणि रस साफ करायलाही आपण केमिकलऐवजी भेंडीच वापरतो. ६० टक्के म्हणजे दोन डिस्ट्रिब्युटरांशी बोलून आणि माझ्या अंदाजानं. पण प्रश्न ट्रीचा आहे, गुळाचा नाही.

एक्सेल_पैलवान
चूक सापडली. पायलट पडला तरी तुम्ही पुढं लाँच करताच असं शीटनं धरलंय! पायलट पडला की थांबायचं, ६० लाख घालायचेच नाहीत. मग वाईट फांदीत −४० च्या जागी शून्य येतं. ०.६ गुणिले ४० म्हणजे २४, एक वर्ष मागे आणले की २०.८७, त्यातून ५ वजा. पायलट १५.८७, थेट लाँच ८. विषय संपला, वडिलांना सॉरी म्हणा.

करवीरचा_गूळवाला
अरे हो की! थांबायचा पर्याय धरलाच नव्हता. म्हणजे पायलट दुप्पट चांगला?

मोजणीवाली_ताई
थांबा, विषय इतक्यात संपत नाही. पैलवानांनी अर्धी चूक बरोबर पकडली आणि दुसऱ्या अर्ध्यात स्वतः पडले. त्यांच्या ट्रीमध्ये पायलट कधीच खोटं बोलत नाही. चालणारा माल पायलटमध्ये हमखास चालतो आणि पडणारा हमखास पडतो. असा पायलट मी इचलकरंजीत बावीस वर्षं प्रोजेक्टचे कागद तपासताना एकदाही बघितला नाही. १५.८७ हे छत समजा, त्याच्या वर कुठलाच पायलट जाऊ शकत नाही.

गूळवाले दादा, आधी सांगा. पायलट कुठं करणार, किती महिने, आणि खरा माल कुठं विकायचाय?

करवीरचा_गूळवाला
पायलट कोल्हापूर आणि सांगलीत, चाळीस दुकानं, डिसेंबर ते मार्च. मशीन भाड्याचं. खरा माल पुण्या-मुंबईला जाणार, ते उघडच आहे ना.

मार्केट_यार्डचा_अडत्या
ते लिहायचं होतं की पहिल्यांदा!

मोजणीवाली_ताई
तिथंच गोम आहे, त्याकडं येते. आधी हिशेब. दोन प्रश्नांची उत्तरं द्या, अंदाजानं का होईना. खरंच चालणारा माल असेल तर दहापैकी किती वेळा पायलट हिरवा दिवा दाखवेल? आणि पडणारा माल असेल तर दहापैकी किती वेळा चुकून हिरवा दाखवेल? मी ८ आणि ३ धरते.

तुमच्या ६० टक्क्यांवर हे बसवलं की हिरवा दिवा यायची शक्यता ०.६ × ०.८ अधिक ०.४ × ०.३, म्हणजे ०.६०. हिरवा आल्यावर माल खरंच चालणारा असण्याची शक्यता ६० वरून ८० टक्के होते. लाल आला तर ती ३० टक्क्यांवर उतरते. हिरव्यावर लाँच केलं तर ०.८ × ४० वजा ०.२ × ४०, म्हणजे २४ लाख. लालवर लाँच केलं तर −१६, म्हणून तिथं थांबायचं. शीटमध्ये थांबणं असं घालतात :

```
=(0.6*MAX(0,0.8*40-0.2*40)+0.4*MAX(0,0.3*40-0.7*40))/1.15-5
```

उत्तर ७.५२. थेट लाँच ८. म्हणजे जवळपास बरोबरी.

आता मजा बघा. हिरव्या आणि लाल दोन्ही दिव्यांनंतर शक्यता ६० टक्केच ठेवून बघा, म्हणजे पायलटनं तुम्हाला काहीच नवीन सांगितलं नाही असं. उत्तर येतं १.९६. तुमचाच पहिला आकडा. तुमची बेरीज चुकली नव्हती दादा, तुम्ही नकळत निरुपयोगी पायलटची किंमत काढली होती.

एक्सेल_पैलवान
बरं, ताईंचं मान्य. पण १५ टक्के दर कमी आहे. नवीन धंदा, रिस्क जास्त, २५ धरा. मी माझ्या पोल्ट्रीला २५ च धरलं होतं.

मोजणीवाली_ताई
मग रिस्क दोनदा मोजाल. माल पडायची ४० टक्के शक्यता फांदीत लिहिलीच आहे, तीच भीती दरात परत घालायची कशाला? दर पैशाच्या वेळेसाठी आणि सगळ्या बाजारालाच लागणाऱ्या जोखमीसाठी. पोल्ट्रीचं काय झालं?

एक्सेल_पैलवान
ते सोडा. पण ताई, सरासरी ८ लाख म्हणून काय? हा माणूस एकदाच लाँच करणारय. सरासरी शंभर वेळा करणाऱ्याला. पैसे कुणाचे आहेत, गूळवाले?

करवीरचा_गूळवाला
२० लाख आमचे, ४० कर्ज. घर तारण.

निवांत_रंकाळा
हे तिसऱ्या पानावर सांगतोयस?

मोजणीवाली_ताई
इथं पैलवान बरोबर आहेत, माझी ना नाही. अपेक्षित एनपीव्हीला घर दिसत नाही. दुसरा तक्ता करा. थेट लाँचमध्ये ४० लाख जायची शक्यता शंभरात ४०. पायलटच्या वाटेवर हिरवा दिवा येऊनही माल पडायची शक्यता शंभरात १२, आणि लाल दिवा येतो त्या ४० वेळा फक्त पायलटचे ५ लाख जातात. सरासरी सारखीच असली तरी झोप सारखी येणार नाही. वडील बहुतेक हेच म्हणत असावेत, त्यांच्या शब्दांत.

सातारची_सूनबाई
दादा, सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत अर्ज केलात का? ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. माझ्या नणंदेनं शेवयांचं युनिट त्यातच टाकलं. आधी ते करा, ट्री नंतर.

करवीरचा_गूळवाला
ताई, प्रश्न तो नव्हता. पण १० लाख दोन्ही फांद्यांत मिळवले तर?

मोजणीवाली_ताई
दोन्हीत नको. ते अनुदान तीन वर्षं युनिट चालू राहिलं आणि खातं सुरळीत असलं तरच कर्जात वळतं होतं. मशीन बंद पडलेल्या फांदीत ते धरलंत तर स्वतःलाच फसवाल. चांगल्या फांदीत धरा, तेही तीन वर्षं मागं आणून.

आता पायलटची गोम. तुम्ही मला पहिल्यांदा ५ लाख खर्च सांगितलात. पायलटमध्ये माल विकला जाणार ना? ते पैसे वजा केलेत का? बरोबरीचा आकडा साडेचार लाख आहे. निव्वळ खर्च त्याच्या आत आला की पायलट पुढं जातो.

करवीरचा_गूळवाला
विक्रीचे साधारण २ लाख येतील. धरले नव्हते. मग निव्वळ ३, म्हणजे ९.५२?

मोजणीवाली_ताई
हो, पण ८ आणि ३ टिकले तर. तुमच्या पायलटला ते टिकत नाहीत. क्यूब घेणारा पुण्यातला फ्लॅटमधला माणूस, आणि विचारताय कुणाला, तर सांगलीच्या रवा घेणाऱ्याला. लाल दिवा आला तरी तो पुण्याबद्दल काही सांगणार नाही. चाळीसपैकी पंचवीस दुकानं पुण्यात घ्या. खर्च वाढेल, तरी निरुपयोगी पायलटपेक्षा परवडेल.

मार्केट_यार्डचा_अडत्या
आणि डिसेंबर ते मार्चमध्ये गूळ कुणाचाही चांगलाच दिसतो. जुलैत बघा. हवा ओली झाली की गुळाला पाणी सुटतं, क्यूबला क्यूब चिकटतो, डबा उघडला की एक गोळा. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारच्या गाळ्यावर एकाचे क्यूब आले होते. दुकानदारानं झाकण उघडून मला दाखवलं, सुरीनं फोडून चहात टाकले आम्ही. रवा परवडला म्हणालो.

मोजणीवाली_ताई
काका, हेच मला कागदावर कधी सापडलं नसतं. हिवाळ्यातला पायलट पडणाऱ्या मालालाही हिरवा दाखवतो, म्हणजे माझे दहात ३ पाच होतात. आकडा घाला : हिरव्यावर चालायची शक्यता ८० वरून सुमारे ७१ वर येते आणि पायलटची किंमत, निव्वळ खर्च ३ धरून, ६.७४. थेट लाँचच्या खाली गेला.

दादा, पायलट सप्टेंबरपर्यंत ओढा. हंगामात माल करून ठेवा आणि पावसात दुकानात ठेवा. आणि हिरवा दिवा म्हणजे काय ते आजच लिहून ठेवा. पहिली खरेदी मोजू नका, कुतूहलानं सगळेच एक डबा घेतात. तेच गिऱ्हाईक तिसऱ्या महिन्यात परत येतंय का, ते मोजा.

एक्सेल_पैलवान
आणि तोवर दुसऱ्या कुणी क्यूब आणले तर? उशिराची किंमत नुसते १५ टक्के नाहीत. ४० चे ३६ होतील.

मोजणीवाली_ताई
झाले तर पायलट ३ लाखांत ९.५२ वरून ७.८५ वर येतो, परत ८ च्या खाली. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. बाजारात कोण काय करतंय ते दादांनाच माहीत.

करवीरचा_गूळवाला
दोघं जण विचारतायत असं ऐकलंय, त्यातल्या एकाचं गुऱ्हाळ माझ्यापेक्षा मोठं आहे. आज संध्याकाळी डिस्ट्रिब्युटरला विचारतो पुण्याची पंचवीस दुकानं देतो का. बँकेला शुक्रवारचं पुढं ढकलायला सांगितलंय, साहेबांना आनंदच झाला. वडिलांना ताईंचा १२ आणि ४० चा हिशेब दाखवला. म्हणाले, "हेच मी मघापासून सांगायलोय, फक्त कागद नव्हता."

मार्केट_यार्डचा_अडत्या
पाण्याचं बघा आधी. डब्यात काय घालताय, नुसता प्लास्टिक का आतनं फॉइल?