लच्छा पराठ्याचे पदर सुटत नाहीयेत, आच किती ठेवायची आणि तूप कधी सोडायचं?

अबोली_०७
नमस्कार सगळ्यांना. गेले तीन रविवार मी लच्छा पराठा करतेय आणि तिन्ही वेळा तेच, लाटताना गोल गोल रेषा छान दिसतात, पण भाजून झाल्यावर तोडला की आत सगळे पदर एकमेकांना चिकटलेले असतात आणि दहा मिनिटांत पराठा वातड होतो. मी काय करते ते सांगते म्हणजे चूक कुठे ते कळेल. दोन वाट्या कणीक, मीठ, चमचाभर तूप घालून मळते, अर्धा तास झाकून ठेवते. मग गोळा पातळ लाटून वरून पातळ केलेलं तूप पसरते, निऱ्या घालते, गुंडाळी करून परत लाटते. तवा बिडाचा आहे, चांगला जाड. करपू नये म्हणून आच मंद ठेवते आणि पराठा टाकल्या टाकल्या कडेने तूप सोडते. एका पराठ्याला सहा-सात मिनिटं लागतात. रंग छान येतो हो, पण पदर नाही. कृपया सांगा आच किती पाहिजे आणि तूप नेमकं कधी?

मंदार_स
मंद आच हाच प्रॉब्लेम आहे. फुल गॅस ठेवा, तवा धूर येईपर्यंत तापवा आणि तूप सढळ हाताने सोडा. मी कायम मोठ्या जाळावर करतो, दीड मिनिटात पराठा तयार. तूप कमी पडलं की पदर सुटत नाहीत, एवढं साधं आहे.

निशी
अगं माझंही असंच होतं, बटाट्याचं सारण बाहेर येतं आणि पराठा फाटतो. सारण कोरडं ठेव आणि कडा जाड ठेवू नकोस.

अबोली_०७
निशी, माझ्यात सारण नाहीये गं, नुसता पदराचा पराठा आहे. मंदार, मी एकदा मोठ्या आचेवर करून बघितला होता, वरून काळे डाग पडले आणि आत कच्चं पीठ राहिलं.

तव्यावरची
अबोली, मी बरीच वर्षं ऑर्डरचे पराठे करते, एकेका दिवशी साठ-सत्तर होतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुझी कणीक ठीक वाटतेय. चुका तीन दिसतात, आच, तूप सोडायची वेळ, आणि आतलं तूप. पहिल्या दोन तव्यावरच्या आहेत, तिसरी त्याच्या आधीची.

आधी आच. पदर सुटतात ते वाफेने. कणकेतल्या पाण्याची वाफ झाली की ती दोन पदरांच्या मधे शिरते आणि त्यांना उचलते, मधे तूप असल्यामुळे ते परत चिकटत नाहीत. आता तुझ्या मंद आचेवर काय होतं, तर पाणी हळूहळू, न उचलता, नुसतंच उडून जातं. सहा-सात मिनिटांत पराठा भाजत नाही, वाळतो. म्हणून रंग येतो पण वातड होतो. मंदारदादांचं निम्मं बरोबर आहे, मंद आच नकोच. पण धुराच्या तव्यावर वरचा पदर लगेच कडक होतो, त्याच्यावर डाग पडतात आणि आतल्या गुंडाळीपर्यंत ऊष्णता पोचायच्या आत आपण घाबरून पराठा काढतो. चपातीला चालतं ते, ती एक पदराची आणि पातळ असते. पराठा जाड असतो आणि मधला भाग सगळ्यात जाड.

मी तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापू देते, बिडाचा असेल तर पूर्ण पाच. मग चिमूटभर कोरडी कणीक तव्यावर टाकते. दहाएक सेकंदांत ती बदामी झाली की तवा झाला. टाकताक्षणी काळी पडली तर गॅस कमी करून मिनिटभर थांबायचं, आणि वीस सेकंदांनंतरही पांढरीच राहिली तर अजून तापू द्यायचं. ती कणीक फडक्याने पुसून मग पराठा टाकायचा. पाण्याचा थेंब टाकून बघतात काहीजण, पण पाण्याने तवा तेवढ्या जागी निवतो म्हणून मला पीठच आवडतं.

आता वेळ. पराठा टाकल्यावर पहिले तीस सेकंद हात लावायचा नाही आणि तूपही नाही. वरची बाजू जरा गडद, सुकल्यासारखी दिसायला लागते आणि बारीक फुगे येतात, तेव्हा उलटायचा. दुसरी बाजू पाऊण ते एक मिनिट, तिला फिके तपकिरी ठिपके आले पाहिजेत. मग वरच्या बाजूला अर्धा चमचा तूप लावून उलटायचा, दुसऱ्या बाजूलाही अर्धा चमचा, आणि दोन्ही बाजू साधारण तीस-तीस सेकंद उलथन्याने दाबत, फिरवत. कडा आणि मधला भाग जास्त दाबायचा कारण तिथेच कच्चं राहतं. सगळं मिळून अडीच ते तीन मिनिटं. साडेतीनच्या पुढे गेलं तर आच कमी आहे असं समज.

तू कच्च्या पराठ्याच्या कडेने तूप सोडतेस ना, ते बाहेरच्या पिठात मुरतं, पराठा तळल्यासारखा होतो आणि आत वाफ धरायच्या आधीच बाहेर कडक पापुद्रा बनतो. दोन्ही बाजू कोरड्या शेकून झाल्यावर मग तूप, म्हणजे ते वर राहतं आणि खुसखुशीत करतं.

अबोली_०७
ताई खूप धन्यवाद, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. आतलं तूप म्हणजे पातळ करून लावते ते चुकतंय का?

तव्यावरची
हो, ते सांगायचं राहिलं. पातळ तूप पसरलं की निऱ्या घालताना वाहून एका बाजूला जातं आणि उरलेलं कणीक शोषून घेते. तूप थिजलेलं, बोटाने पसरेल इतकं मऊ हवं. एका पराठ्याला एक चमचा पुरतो. आणि तुपावर चमचाभर कोरडी पिठी भुरभुरायची, हे विसरायचं नाही. पिठी तूप धरून ठेवते आणि पदरांच्या मधे एक पातळ थर राहतो. नुसतं तूप असेल तर दुसऱ्यांदा लाटताना दाबाने ते कडेला निघून जातं.

लाटण्याबद्दलही सांगते. गुंडाळी झाली की दहा मिनिटं झाकून ठेव. लगेच लाटलीस तर ती मागे येते, मग आपण जोर लावतो आणि जोराने पदर मिटतात. हलक्या हाताने, साधारण अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत, त्याहून पातळ नाही.

मंदार_स
मी पिठी कधीच घालत नाही आणि माझे पदर सुटतात. पण मी तूप खूप घालतो हे मान्य. आणि मैदा निम्मा घालतो.

तव्यावरची
मैदा असेल तर सुटतातच दादा, तो ताणला जातो, फाटत नाही, म्हणून खूप पातळ लाटता येतो. नुसत्या कणकेत कोंडा असतो, ती तेवढी ताणत नाही, तिथे पिठीने फरक पडतो.

केतकी_पाटा
मी पिठीऐवजी साटा करते, चिरोट्याला करतो तसा, तूप आणि तांदळाची पिठी फेटून. पदर जास्त कडक आणि वेगळे होतात. माझ्या मते कणकेच्या पिठीपेक्षा हे बरं.

तव्यावरची
साट्याने कुरकुरीत होतो खरा, पण निवल्यावर मला तो जरा कोरडा वाटतो. ज्याची त्याची आवड.

समीर_एकटा
माझ्याकडे गॅस नाही, इंडक्शन आहे. मधे काळा होतो, कडा पांढऱ्या राहतात. ताईंच्या वेळा बघून केलं तरी तेच.

तव्यावरची
इंडक्शनवर मी फार केलेलं नाही, त्यामुळे सेटिंग सांगता येणार नाही. पण मधे तापणं हे कुठल्याही लहान शेगडीवर होतं. पराठा लहान कर, शेगडीच्या चकतीएवढा, आणि दुसऱ्या बाजूपासून दर दहा सेकंदांनी पाव फेरी फिरव, कडा मध्यभागाकडे सरकवून दाब. तवा जाड तळाचा असेल तर बरं पडतं.

अबोली_०७
आज केले, म्हणून कळवायला आले. चार पराठे, ताईंनी सांगितलं तसं, तूप थिजलेलं, वर पिठी, गुंडाळी दहा मिनिटं झाकून. चिमूटभर पीठ टाकलं तर पहिल्यांदा वीस सेकंद पांढरंच राहिलं, म्हणजे मी एवढे दिवस किती थंड तव्यावर टाकत होते! अजून दोन मिनिटं तापवला. पहिला पराठा तीन मिनिटांत झाला, ताटात काढून दोन्ही तळहातांनी कडेने आत दाबला तर पदर अक्षरशः उकलले, मला मोजता आले, दहा तरी होते. दुसरा पण छान. पण तिसऱ्याला पहिली बाजू टाकल्या टाकल्या डाग पडले आणि चौथा तर करपलाच, कडेने धूर येत होता. गॅसला मी हातही लावला नव्हता.

तव्यावरची
अगं दहा पदर म्हणजे उत्तमच! तिसऱ्या-चौथ्याचं कारण दोन गोष्टी. एक, बिडाचा जाड तवा ऊष्णता साठवत जातो, पराठा काढून दुसरा लाटेपर्यंत रिकामा राहिला की अजून तापतो. म्हणून दुसऱ्या पराठ्यानंतर गॅस थोडा कमी कर आणि दोन पराठ्यांच्या मधे बंदसुद्धा केला तरी चालतो. दोन, तव्यावर पडलेली पिठी आणि सांडलेलं तूप. जळलेली पिठी काळी होऊन पुढच्या पराठ्याला चिकटते आणि धूर तिचाच असतो बहुतेक, तूप इतक्या लवकर जळत नाही. दर पराठ्यानंतर जाड कोरड्या फडक्याने तवा पुसायचा, हात जपून.

आणि गुंडाळ्या सगळ्या आधीच करून झाकून ठेवत जा, म्हणजे लाटायला वेळ लागत नाही आणि तवा रिकामा तापत बसत नाही.

केतकी_पाटा
आणि काढलेले पराठे एकावर एक ठेवू नकोस, खालचे वाफेने मऊ पडतात. जाळीवर एकेक ठेव.

मंदार_स
पण डब्यात न्यायचे असतील तर? ऑफिसला जाईपर्यंत माझे मऊच होतात, निवून भरले तरी.

तव्यावरची
त्याला मलाही पूर्ण उपाय सापडलेला नाही. पूर्ण निवल्यावर, खाली कागद घालून भरले तर ओल कमी धरते, पण तव्यावरून काढल्यासारखे राहत नाहीत. मी ऑर्डरच्या पराठ्यांना सांगते, परत गरम करताना तवा आधी चांगला तापवा, तूप न घालता दोन्ही बाजू वीस-वीस सेकंद, बस. मायक्रोवेव्हमधे ठेवू नका, वातड होतात.

अबोली_०७
उद्या गॅस कमी करत करत आठ करून बघते, साट्याचे दोन आणि पिठीचे सहा. केतकी, तांदळाची पिठी किती तुपाला किती घेतेस?

केतकी_पाटा
दोन चमचे तुपाला एक चमचा पिठी, फेटून पांढरं आणि हलकं होईपर्यंत. बोटाने उचललं तर गळू नये.